धुतलेला ड्राय-फिट टी-शर्ट दहा मिनिटांत वास का मारतो? आधी काय तपासायचं, शिवण केव्हा उसवायची

माझं डोंबिवलीत शिलाईचं लहानसं दुकान आहे. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर योगवर्ग भरतो आणि सकाळी सातच्या बॅचला मीही जाते. मध्यम आकाराचा हॉल, पंचवीस चटया, रस्त्याच्या आवाजामुळे बंद ठेवलेल्या खिडक्या आणि एसी नाही. त्यामुळे महिन्यातून दोन-तीन जण तरी वर्ग सुटला की खाली येतात, पिशवीतून टी-शर्ट काढतात आणि म्हणतात, "ताई, वास जातच नाही. काखेचं कापड बदलून द्या." बहुतेकांना मी शर्ट तसाच परत देते. बिघाड शिवणीत असतो, पण दर वेळी नाही, आणि मुंढा उसवणं हा सगळ्यात महागाचा उपाय आहे. म्हणून तो शेवटी.

लक्षणं

कपाटातून काढताना शर्टाला साबणाचा वास येतो, काही खटकत नाही. वर्ग सुरू होऊन अंग तापलं की दहाव्या मिनिटाला जुन्या घामाचा दर्प येऊ लागतो. तो काखेत, मानेच्या रिबवर आणि स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या रुंद इलॅस्टिकमध्ये जास्त असतो. नवा असताना जो शर्ट घाम पसरवून वाळायचा, त्याच्या आतून आता थेंब ओघळतात. काखेतलं कापड बोटाला जरा कडक किंवा मेणचट लागतं.

वाळत घातलेल्या शर्टाला घालायच्या आधीपासूनच कुबट वास येत असेल, तर ते दुखणं वेगळं. त्याच्याबद्दल पुढे, चौथ्या उपायात.

आधी फुकटातल्या दोन परीक्षा

पहिली हुंगायची. शर्ट उलटा करा, बोटं गरम पाण्यात बुडवून मुंढ्याची शिवण ओली करा आणि ती मुठीत मिनिटभर दाबून धरा. मग हुंगा. तेच खाली घेराजवळ करा. शर्ट कोरडा आणि थंड असताना दर्प कापडात दबलेला असतो, ऊब आणि ओल मिळाली की तो सुटतो. दुकानात कोरडा शर्ट नाकाला लावून "छान आहे की" म्हणण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

फक्त काखेत दर्प आला तर तेल साचलंय. सगळीकडे सारखाच आला तर मशीन, बादली किंवा वाळवण तपासायचं. कुठेच नाही आला, तर शर्टाला सोडा आणि चटई हुंगा. मी एकदा आठवडाभर एका बिचाऱ्या टॉपवर संशय घेत होते. वास वर्गातल्या सामाईक चटईचा निघाला.

दुसरी थेंबाची. उलट्या शर्टावर काखेत पाण्याचा एक थेंब आणि घेराजवळ एक थेंब ठेवा. घाम पसरवणारं कापड तो दोन-तीन सेकंदांत ओढून घेतं आणि ओला डाग रुंदावत जातो. घेराजवळचा पसरला आणि काखेतला मोत्यासारखा बसून राहिला, तर काखेवर तेल-डिओचा थर आहे. दोन्हीकडे मोती बसला तर एक तर सॉफ्टनरचा लेप आहे, नाही तर कंपनीने दिलेलं फिनिश धुऊन गेलंय. हा फरक ओळखणं महत्त्वाचं, कारण थर काढता येतो, गेलेलं फिनिश घरी परत आणता येत नाही. छातीवरच्या रबरी छपाईवर मात्र थेंब ठेवू नका. तिथे तो नव्या शर्टावरही बसूनच राहतो.

आमच्या वर्गातला एक मुलगा, ऐरोलीला नोकरी करतो, तीन शर्ट घेऊन आला होता. तिघंही पॉलिएस्टर, साधारण वर्षभर वापरलेले. काळ्या शर्टाचा थेंब घेराजवळ झटकन पसरला, काखेत मिनिट झालं तरी हलला नाही. राखाडीवर दोन्हीकडे मोती. निळ्याचा दोन्हीकडे पसरला, तरी काखेत दर्प होता, आणि तोही फक्त जिथे बाहीची आणि बाजूची शिवण एकमेकींना छेदते तिथल्या गाठीशी. तिघांची तक्रार एकच, कारणं तीन. त्यांचं पुढे काय झालं ते ओघात सांगते.

पॉलिएस्टर वास का धरतं

थोडं कारण कळलं की पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. अंगभर येणारा घाम म्हणजे बव्हंशी पाणी आणि मीठ, त्याला फारसा वास नसतो. काखेतल्या वेगळ्या ग्रंथी तेलकट स्राव सोडतात आणि त्यावर जिवाणू जगले की दर्प तयार होतो. पॉलिएस्टरला पाणी आवडत नाही, पण तेल आवडतं. दमट हवेतही ते स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी धरत नाही. सुती कापड त्याच हवेत आठेक टक्के धरतं. म्हणून पॉलिएस्टर लवकर वाळतं, आणि म्हणूनच साबणाच्या पाण्याला त्याच्या धाग्यात रुतलेल्या तेलापर्यंत पोचणं अवघड जातं.

बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे पडताळून पाहिलं होतं. २६ जणांना तासभर सायकलिंगच्या वर्गात घाम गाळायला लावला, मग त्यांचे शर्ट ठेवून दुसऱ्या दिवशी हुंगवले. पॉलिएस्टरच्या शर्टांचा वास सुतीपेक्षा जास्त वाईट ठरला, आणि मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू पॉलिएस्टरवर चांगलेच माजलेले आढळले. आमच्या हॉलपेक्षा ती जागा थंडच असणार.

पहिला उपाय: पिशवी

याला खर्च शून्य आणि सगळ्यात जास्त शर्ट याच पायरीवर सुधारतात. वर्ग सुटला की ओला शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी बॅगेत, बॅग दिवसभर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. ऊब, ओल आणि तेल एकत्र मिळाल्यावर जिवाणूंना आणखी काय हवं! ऐरोलीवाल्याचे तिन्ही शर्ट सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत असेच बंद राहायचे.

साबण नसला तरी चालेल, वर्ग सुटल्यावर बेसिनमध्ये काखा आणि मान साध्या पाण्याने चोळून पिळा आणि शर्ट जाळीच्या पिशवीत बॅगेच्या बाहेर लटकवा. लोकलमध्ये लाज वाटते म्हणतात. पण मग त्याच शर्टात वर्गात उभं राहायला कशी वाटत नाही, हे मला कळत नाही.

दुसरा: सॉफ्टनर बंद, साबण कमी

फॅब्रिक कंडिशनर धाग्यावर मेणासारखा पातळ लेप देतो. सुती चादरीला त्यामुळे मऊपणा येतो. घाम पसरवणाऱ्या कापडात मात्र धाग्यांमधल्या ज्या बारीक फटींतून पाणी ओढलं जातं त्याच या लेपाने बुजतात आणि आतलं तेल झाकलं जातं. वास घालवायला म्हणून लोक दुप्पट कंडिशनर ओततात आणि वास पक्का करतात. राखाडी शर्टाचं हेच झालं होतं. आई प्रत्येक धुण्यात टोपणभर घालायची. कंडिशनर बंद केल्यावर चौथ्या-पाचव्या धुण्याला थेंब पसरू लागला. दुसरं काहीही केलं नाही.

साबणाचंही तसंच. पावडर जास्त पडली की खळबळताना पूर्ण निघत नाही आणि उरलेला साबण घामासोबत बुळबुळतो. उन्हाळ्यात टँकरचं किंवा बोअरिंगचं जड पाणी असलं की हा त्रास वाढतो. अशा पाण्यात धुणाऱ्यांनी बादलीत साबणाआधी एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवावा. किराणा दुकानात मिळतो तो. खाण्याचा सोडा वेगळा, तो एवढा तेल काढत नाही.

कपडे धुवायची वडी काखेवर घासू नका. तिच्यात न विरघळणारी भर असते, ती विणीत अडकते, आणि ब्रशने कापडावर गोळे येतात ते निराळंच. त्याऐवजी शर्ट उलटा करून काखेवर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने चोळा, पाच मिनिटं ठेवा आणि मशीनमध्ये टाकायच्या आधी धुऊन काढा. नाही तर मशीनमध्ये फेसच फेस. खोबरेल लावून वर्गाला येणाऱ्यांनी मानेच्या रिबलाही हेच करावं. केसांचं तेल रिबमध्ये मुरून खवट होतं आणि आपण दोष घामाला देतो.

तिसरा: भिजवणं

वरचं सगळं दोन आठवडे करूनही काखेत मोती बसत असेल तरच ही पायरी. यासाठी ऑक्सिजन ब्लीच लागतं, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पांढरी पावडर. ती पाण्यात गेली की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतात. एक डागावर आणि जिवाणूंवर काम करतो, दुसरा तेलावर.

गार पाण्यात ती जवळजवळ झोपलेलीच असते, आणि उकळत्या पाण्यात लायक्रा मरतं. थर्मामीटर नसला तर एक तांब्या उकळतं पाणी आणि चार तांबे नळाचं. आपल्याकडे साधारण ४० अंश होतं. पाच लिटरला दोन मोठे चमचे पावडर आधी पूर्ण विरघळवा, मग उलटा केलेला शर्ट बुडवून तासभर ठेवा. भडक रंग असेल तर आधी आतल्या शिवणीवर थेंबभर लावून पाहा. लोकर आणि रेशीम यात कधीच नाही. उरलेलं पाणी बाटलीत भरून झाकण लावू नका, वायू सुटत राहतो आणि बाटली फुगते. क्लोरीनचं ब्लीच यात मिसळायचं नाही, आणि जिमच्या कपड्यांना वेगळंही वापरायचं नाही. त्याने लायक्रा पिवळं पडून तुटतं.

काळा शर्ट दोनदा, आठवड्याच्या अंतराने, भिजवला. पहिल्या वेळी पाणी चहासारखं झालं. दुसऱ्या भिजवणीनंतर काखेतला थेंब चार सेकंदांत पसरला. डिओचा कडक पापुद्रा कडेला थोडा राहिला तो राहिलाच. दोन भिजवण्यांत फरक नाही पडला तर तिसरी करू नका, कापड आणि रंग उगाच थकतात.

चौथा: मशीन आणि वाळवण

घेराजवळही वास येणाऱ्यांसाठी ही पायरी. पुढून उघडणाऱ्या मशीनच्या दाराचं रबर बोटाने मागे सारून आत बघा. काळी बुरशी किंवा चिकट गाळ दिसला तर शर्टाला दोष नाही. रबर पुसा, साबणाचा कप्पा काढून धुवा, मशीन रिकामं ठेवून सगळ्यात गरम पाण्याचं चक्र चालवा आणि एरवी दार उघडं ठेवा. तळाशी पाणी साचून राहत असेल, तर मेकॅनिकला बोलवा. पंप स्वतः उघडू नका.

पावसाळ्यात पातळ शर्ट घरात पंख्याखाली दोन-तीन तासांत वाळतो, पण काखेतली जाड गाठ आणि ब्राचं इलॅस्टिक रात्रभर ओलं राहतं. म्हणून उलटा करून, काखा उघड्या राहतील असा हँगरला लावा. ब्राचे स्पंजचे कप निघत असतील तर काढून वेगळे वाळवा. ब्राचा वास म्हणून माझ्याकडे आलेल्या निम्म्या तक्रारी त्या ओल्या स्पंजाच्याच असतात.

पाचवा: कापड की हॉल?

शर्टाला वास नाही, थेंब पसरतो, तरी वर्गात पाठीला चिकटतो, अशी तक्रार असेल तर शर्ट घालून इमारतीबाहेर दहा मिनिटं चाला. तिथे वाळला तर शर्ट ठीक आहे. घाम पसरवणारं कापड पाणी फक्त बाहेरच्या बाजूला आणतं, तिथून ते उडवणं हवेचं काम. बंद हॉलमध्ये पंचवीस जणांच्या घामाने हवा भरली की कितीही महागडा शर्ट ओलाच राहणार. आमच्याकडे मागची एक खिडकी उघडून तिच्यासमोर भिंतीवरचा पंखा लावला, त्याने जेवढा फरक पडला तेवढा नव्या शर्टांनी पडला नव्हता.

नवीन घ्यायचंच असेल तर माझं मत सांगते. अशा हॉलमध्ये योगासाठी वरचा कपडा सुती-पॉलिएस्टर मिश्र, जरा सैल. भिजतो, जड होतो, पण धुतला की त्याचा वास जातो. निव्वळ सुती मला नको वाटतं, शेवटच्या शवासनात ते गार पोतेऱ्यासारखं पाठीला लागतं. धावायला किंवा मोकळ्या हवेच्या जिमला पॉलिएस्टरची जाळीदार वीण उत्तम. लेगिंगला नायलॉन-लायक्रा. नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा जास्त पाणी धरतं, त्वचेला मऊ लागतं आणि घासून लवकर विरत नाही. मेरिनो लोकर वासाच्या बाबतीत सगळ्यांच्या पुढे आहे, पण किंमत पाहून आणि मशीनमध्ये जपायची कटकट पाहून मी कुणाला घ्या म्हणत नाही.

चांदीचं फिनिश लिहिलेले शर्ट नवे असताना जिवाणूंना आवर घालतात. पण चांदी धुण्यागणिक कमी होत जाते, आणि तिच्यावर तेलाचा किंवा सॉफ्टनरचा थर बसला की ती असून नसल्यासारखी. म्हणजे पहिले दोन उपाय चुकत नाहीतच. लेबलवर किती धुण्यांपर्यंत टिकतं ते छापलेलं नसेल तर त्या शब्दाचे जादा पैसे देऊ नका.

सहावा: आता शिवण

निळ्या शर्टाकडे येऊ. साध्या ओव्हरलॉक शिवणीत कापडाच्या दोन कडा आणि त्यांवरून फिरलेले तीन-चार दोरे यांचा काठ आत उभा राहतो. काखेत बाहीची शिवण बाजूच्या शिवणीला भेटते तिथे कापडाचे चार पदर आणि दोऱ्यांचा गुंता एकाच ठिकाणी येतो. हरभऱ्याएवढी गाठ होते. तेल तिथे मुरतं, खळबळण्याचं पाणी आत पोचत नाही आणि ती वाळते सगळ्यात शेवटी. काख काचते तीही तिथेच. निळ्याची गाठ नखाने दाबली तर सुकलेल्या शर्टातही ओलसर लागत होती.

फ्लॅटलॉकमध्ये कडा एकमेकींवर किंवा शेजारी सपाट बसवून वरून टाका पडतो, म्हणून आत काठ राहत नाही. विकत घेताना शर्ट उलटा करून काखेत बोट फिरवा. बोट अडखळलं तर पुन्हा विचार करा. ज्यांच्या काखेत वेगळी कळी, म्हणजे कापडाचा जोडतुकडा, लावलेली असते ते त्याहून बरे, कारण तिथे चार शिवणी एका बिंदूत भेटत नाहीत आणि हात वर केला की कापड ओढलं जात नाही.

जुन्या शर्टावर माझ्याकडे दोन पर्याय असतात. स्वस्त पर्याय म्हणजे बाही काढून मुंढा दीड-दोन सेंटिमीटर खाली उतरवायचा आणि पातळ पट्टी लावायची. वासाचा भागच कापून जातो. दुसरा म्हणजे गाठ कापून त्या जागी जाळीदार कापडाची पतंगाच्या आकाराची कळी लावायची. घरी करणार असाल तर होजियरीची गोल टोकाची सुई घ्या. साधी सुई धागा तोडते आणि दोन धुण्यांत शिवणीलगत भोकांची रांग दिसते. टाका ताणला जाणारा हवा, दोरा पॉलिएस्टरचा, सुती नको. निळ्याला कळी लावली, दोन्ही काखांची मिळून पाऊण तासाची मेहनत. गाठ गेली, दर्पही गेला. शर्ट नवा साडेतीनशेचा असेल तर मात्र मी कळी लावत नाही, मजुरी परवडत नाही. बाह्या कापा म्हणते.

कुठे थांबायचं

नव्या, धुतलेल्या सुती शर्टातही तोच दर्प येत असेल, घामाचा वास अचानक बदलला असेल, किंवा घाम बसल्या जागीही निथळत असेल तर कपड्यांवर खर्च थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. काखेत, जांघेत किंवा छातीखाली कडा उठलेले खाजरे चट्टे दिसले तर तो नायटा असू शकतो. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ. मेडिकलमधून विचारून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावू नका. खाज आठवडाभर थांबते आणि नायटा पसरून परत येतो. उपचार चालू असताना कपडे आणि टॉवेल घरच्यांपासून वेगळे धुवा आणि सामाईक चटई वापरू नका.

आणि शर्ट-लेगिंगच्या बाबतीत शिंप्यालाही एक मर्यादा असते. ताणल्यावर कापडातून रबराचे बारीक पांढरे केस बाहेर येत असतील, गुडघ्याला फुगा राहत असेल, वाकल्यावर आरपार दिसत असेल, तर लायक्रा संपलंय. त्याला कळीही वाचवत नाही आणि भिजवणंही. फरशी पुसायलासुद्धा असं कापड कामाचं नाही, पाणीच शोषत नाही. माझ्याकडे सोडून गेलेल्या अशा शर्टांनी मी रात्री शिलाई मशीन झाकते.